टायट्रेशनच्या एंड पॉइंटचे फोटो शेजारी शेजारी लावून कोण बरोबर थांबलं ते कसं ओळखायचं

अकरावीच्या एका बॅचचे सहा फोटो मी लॅपटॉपवर एका ओळीत लावले आणि पोरांनाच विचारलं की सांगा, बरोबर कोण थांबलं. सगळ्यांनी एकमुखाने फरहानच्या फोटोवर बोट ठेवलं, कारण त्याच्या फ्लास्कमध्ये अगदी पुस्तकात सांगतात तसा फिक्कट गुलाबी रंग होता, आणि ओंकारचा फोटो बघून सगळे म्हणाले, "सर, ह्याचं खूपच जास्त झालं." प्रत्यक्षात ओंकार बरोबर थांबला होता आणि फरहान दोन थेंब पुढे गेला होता. हे कसं कळलं, आणि तुमच्या बॅचचे फोटो तुम्हाला तपासायचे असतील तर काय काय करावं लागेल, ते सविस्तर लिहितोय.

प्रयोग आपला नेहमीचाच आहे. 0.05 M ऑक्झॅलिक ॲसिडचं 10 मिली द्रावण पिपेटने कॉनिकल फ्लास्कमध्ये, त्यात फेनॉल्फ्थॅलिनचे 2 थेंब, आणि ब्युरेटमध्ये साधारण 0.1 M सोडियम हायड्रॉक्साइड. 100 मिली पाण्यात 0.63 ग्रॅम ऑक्झॅलिक ॲसिड घेतलं की 0.05 M होतं. एका ऑक्झॅलिकला दोन सोडियम हायड्रॉक्साइड लागतात, म्हणून सोडा बरोबर 0.1 M असेल तर 10.0 मिलीला एंड पॉइंट यायला हवा. पण आपल्याकडे कोकणात सोडा कधीच बरोबर 0.1 M नसतो. जुलै-ऑगस्टमध्ये बाटली उघडली की गोळ्या हवेतलं पाणी ओढून चिकट होतात, वजनात पाणीच जास्त येतं, त्यामुळे सोड्याची खरी ताकद ह्या टायट्रेशनवरूनच काढायची असते. त्या दिवशी मी स्वतः तीनदा केलं आणि तिन्ही वेळा 10.3 मिली आलं, म्हणजे सोडा 0.097 M होता. पुढे सगळीकडे हे 10.3 लक्षात ठेवा, त्याच्याशीच सगळ्यांची तुलना आहे.

आधी हे समजून घ्या की रंग नेमकं काय सांगतो

फेनॉल्फ्थॅलिन साधारण 8.2 पीएचपर्यंत रंगहीन असतं आणि 10 च्या आसपास पूर्ण गुलाबी होतं. आपल्या टायट्रेशनमध्ये ॲसिड बरोबर संपतं तेव्हा पीएच जवळपास 8.3 असतो, म्हणजे रंग नुकताच यायला लागतो तीच खरी जागा. आता ब्युरेटचा एक थेंब साधारण 0.05 मिलीचा, म्हणजे 20 थेंबांचा 1 मिली. फ्लास्कमध्ये त्या वेळी 20 मिलीच्या आसपास द्रावण असतं, त्यात एक अख्खा थेंब जास्तीचा पडला तर हिशोबाने पीएच 10 च्या पुढे जातो. प्रत्यक्षात पाण्यात विरघळलेला आणि सोड्यात मुरलेला कार्बन डायऑक्साइड थोडा आडवा येतो, म्हणून एक ते तीन थेंबात रंग हळूहळू भरतो. पण एकदा भरला की भरला, त्यानंतर तुम्ही अजून पंधरा थेंब टाका, रंग गडद होत नाही, कारण जेवढं इंडिकेटर होतं तेवढं सगळं आधीच गुलाबी झालेलं असतं.

ह्याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. फोटोवरून "दोन-तीन थेंबांपेक्षा जास्त झालं" एवढं कळू शकतं, पण तीन थेंब जास्त झाले की अठरा, हे फोटो कधीच सांगू शकत नाही. आणि गडदपणा थेंबांपेक्षा इंडिकेटर किती टाकलं ह्यावर जास्त ठरतो. ओंकारचं नेमकं हेच झालं होतं, त्याने 2 च्या जागी 6 थेंब इंडिकेटर टाकलं होतं, त्यामुळे बरोबर जागी थांबूनही त्याचा फ्लास्क गडद दिसत होता.

दुसरी गोष्ट वेळेची. पंचवीस मिनिटांनी फोटो काढला तर तो एंड पॉइंटचा फोटो राहत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड द्रावणात शिरतो आणि सोडा संपवतो. हिशोब करून बघा, 250 मिलीच्या फ्लास्कमध्ये जेवढी हवा मावते त्यात कार्बन डायऑक्साइड साधारण 0.1 मिली असतो, आणि तेवढ्यानेच 0.1 M सोड्याचा जवळपास एक थेंब संपू शकतो. म्हणजे फ्लास्कला बूच मारून ठेवलं तरी आतल्या हवेमुळे फिक्कट गुलाबी रंग उडू शकतो, उघडा ठेवला आणि वरून हलवत राहिलं तर प्रश्नच नाही. म्हणून आपण "30 सेकंद टिकला पाहिजे" असं म्हणतो. 30 सेकंदात गेला तर ॲसिड अजून शिल्लक आहे, आणि त्यापुढे पाच-दहा मिनिटांनी गेला तर ती हवेची करामत आहे, त्यासाठी अजून थेंब टाकायचा नाही. मुलं रंग गेला म्हणून परत एक थेंब टाकतात आणि तिथेच रीडिंग बिघडतं.

फोटो काढताना काय करायचं

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एक फोटो पुरत नाही, दोन लागतात. एंड पॉइंट हा रंग नाही, तो रंगहीन ते गुलाबी असा बदल आहे, आणि बदल एका फोटोत दिसत नाही. पायलट रीडिंगवरून साधारण कुठे येणार हे माहीत असतंच, तर त्याच्या अर्धा मिली अलीकडे आलं की एक एक थेंब टाकायला लागायचं, आणि प्रत्येक थेंबानंतर हलवून, रंग गेलेला असेल तेव्हा एक फोटो काढून ठेवायचा. ज्या थेंबानंतर रंग टिकला, त्या थेंबाचा 30 सेकंदांनी परत फोटो. असं केलं की आपोआप जोडी मिळते, शेवटच्या थेंबाआधीचा रंगहीन आणि शेवटच्या थेंबानंतरचा गुलाबी, आणि प्रत्येक फोटोबरोबर ब्युरेटचं रीडिंग कागदावर लिहून तो कागद फ्रेममध्येच ठेवायचा. दोन रीडिंगमधला फरक 0.05 किंवा 0.1 असेल तर तो विद्यार्थी बरोबर थांबला, मग गुलाबी कितीही गडद दिसू दे. फरक 0.4 असेल तर फोटो कितीही सुंदर फिक्कट आला तरी एंड पॉइंट त्या 0.4 मध्ये कुठे तरी होता एवढंच म्हणता येईल.

हे जोडीने करायचं काम आहे. एकाने ब्युरेट आणि फ्लास्क सांभाळायचा, दुसऱ्याने फोन. सोड्याचा हात लागलेला फोन नंतर डोळ्यांजवळ जातो, तेव्हा फोन धरणाऱ्याने बाटल्यांना हातच लावायचा नाही.

आता उजेड. आमच्या लॅबची एक बाजू हापूसच्या कलमांकडे उघडते आणि दुसरीकडे चिऱ्याची भिंत आहे, गिलावा नसलेली, लालसर. कलमांकडच्या खिडकीत फ्लास्क धरला की पानांवरून येणारा हिरवट उजेड पडतो आणि गुलाबी रंग मरतो, कारण गुलाबी रंग दिसतो तोच मुळी हिरवा उजेड शोषला गेल्यामुळे. चिऱ्याच्या भिंतीजवळ दुपारनंतर धरला की साधं पाणीही गुलाबीसर दिसतं. मृणालचा फोटो खिडकीतला होता आणि वेदांतचा भिंतीजवळचा, ह्या दोन फोटोंनी आम्हाला किती फसवलं ते पुढे सांगतो. म्हणून एक ठरलेली जागा करा, मध्यावर टेबल, खाली आणि मागे साधा पांढरा झेरॉक्सचा कागद, टेबलापासून झाडं आणि भिंत दोन्ही लांब. मळभ असलेल्या दिवसाचा उजेड उत्तम, एकसारखा पडतो. कडक ऊन असेल तर सावलीत. लाईट गेली तर घाई करून फोन अंधारात वापरू नका, नाईट मोड स्वतःहून चालू होतो आणि रंगांचं काय करेल सांगता येत नाही. फ्लॅश तर अजिबात नको, फ्लास्कच्या काचेवर पांढरा ठिपका पडून सगळं वाया जातं.

फोन स्वतःच रंग "सुधारतो" हे विसरू नका. फ्रेमभर गुलाबी द्रावण आलं की त्याला वाटतं उजेडच गुलाबी आहे आणि तो गुलाबी कमी करून टाकतो. म्हणून फ्रेममध्ये अर्ध्याहून जास्त पांढरा कागद दिसलाच पाहिजे. कागदावर बोट दाबून धरलं की बऱ्याच फोनमध्ये उजेड आणि फोकस लॉक होतो, ते करा. फिल्टर, ब्युटी, एचडीआर सगळं बंद. आणि फोटो पाठवताना व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर तो दाबून बारीक होतो आणि फिक्कट गुलाबीसारखे नाजूक रंग पहिल्यांदा जातात.

फ्लास्क सगळ्यांचे एकाच मापाचे घ्या. 100 मिलीच्या फ्लास्कमध्ये तेवढंच द्रावण जास्त खोल दिसतं, म्हणून जास्त गडद दिसतं. फ्लास्कच्या भिंतीवरचे थेंब खाली आणताना किती पाणी घातलं ह्यावरही रंग बदलतो, तेव्हा ते पाणीही सगळ्यांनी साधारण सारखंच घाला, आणि विहिरीचं नको, डिस्टिल्डच.

तुलनेसाठी तीन फ्लास्क

आपल्या मनातला "फिक्कट गुलाबी" आणि दुसऱ्याच्या मनातला वेगळा असतो, म्हणून डोळ्यासमोर ठेवायला तीन फ्लास्क तयार करा. तिन्हींत तेच 10 मिली ॲसिड, तेच 2 थेंब इंडिकेटर. पहिल्यात एंड पॉइंटच्या एक थेंब अलीकडे थांबा, तो रंगहीन राहील. दुसऱ्यात नेमका एंड पॉइंट. तिसऱ्यात त्याच्यापुढे तीन थेंब. ह्यांचा फोटोसुद्धा त्याच ठरलेल्या जागी, त्याच फोनने, शेवटचा थेंब पडल्यापासून 30 सेकंदांनी. हे फ्लास्क दिवसभर ठेवून उपयोग नाही, दुसरा फ्लास्क दहा मिनिटांत फिका पडायला लागतो, तेव्हा फ्लास्क टेबलावर ठेवून त्याच्याशी तुलना करण्यापेक्षा त्याच्या वेळेवर काढलेल्या फोटोशी तुलना करा.

डोळ्याने नाही, आकड्याने बघा

सहा फोटो सहा फोनचे असतील तर डोळ्यावर विसंबू नका. फोटो पेंटमध्ये उघडा, रंग उचलणारा ड्रॉपर घ्या, द्रावणाच्या खालच्या भागात जिथे चकाकी नाही आणि कडा नाही तिथे क्लिक करा आणि `Edit colors` मध्ये लाल आणि हिरव्याचा आकडा बघा. असं चार-पाच जागी करून सरासरी घ्या. मग त्याच फोटोतल्या कोऱ्या कागदावर, फ्लास्कची सावली नसलेल्या जागी, तेच करा.

गुलाबी फेनॉल्फ्थॅलिन 550 नॅनोमीटरच्या आसपासचा, म्हणजे हिरवा उजेड शोषतं, लाल जवळपास तसाच सोडतं. म्हणून गुलाबी जसा वाढतो तसा हिरव्याचा आकडा पडतो आणि लालचा फारसा हलत नाही. नुसता हिरवा आकडा घेतला तर उजेड कमी-जास्त असेल तसा तो बदलेल, म्हणून त्याला लालने भागायचं, आणि उजेडाचा स्वतःचा रंग काढून टाकायला कागदाच्या प्रमाणाने परत भागायचं:

```
प्रमाण = (G द्रावण / R द्रावण) / (G कागद / R कागद)
```

प्रमाण 1.00 च्या आसपास म्हणजे रंग नाही. जसं खाली येईल तसा गुलाबी जास्त. माझ्या तीन फ्लास्कचं प्रमाण आलं 1.00, 0.90 आणि 0.79. कागदाचा कुठलाही आकडा 255 दाखवत असेल तर तो फोटो बाद समजा, उजेड जास्त होऊन रंग कापला गेलाय. कागद 200 ते 240 च्या दरम्यान असला की छान. आणि फोन वेगळे असले की रंगही थोडे वेगळे दाखवतात, म्हणून 0.03 एवढ्या फरकावर मी कुणाला चूक-बरोबर ठरवत नाही. हा आकडा सोडा किती जास्त पडला ते मोजत नाही, फक्त कोणाचा रंग कुणापेक्षा जास्त एवढं सांगतो.

आता ते सहा फोटो

सईचा फोटो आधी घेतो कारण तो सरळ आहे. जोडी होती, 10.25 ला रंगहीन आणि 10.3 ला फिक्कट गुलाबी. द्रावण R 228, G 205, कागद R 231, G 230. द्रावणाचं 0.899, कागदाचं 0.996, भागाकार 0.90. माझ्या दुसऱ्या फ्लास्कशी तंतोतंत, रीडिंगही 10.3. तिच्याबद्दल शंका नाही.

मृणालचा फोटो बघून पोरं म्हणाली रंगच नाही आला, आधीच थांबली. करडट, मळकट दिसत होतं खरं. पण कागदही बघा ना, तोही हिरवट होता. कागद R 205, G 214, द्रावण R 204, G 194. कागदाचं प्रमाण 1.044, द्रावणाचं 0.951, भागाकार 0.91. म्हणजे सईइतकाच गुलाबी, फक्त कलमांच्या उजेडाने झाकला गेला होता. रीडिंग 10.3. बरोबर थांबली होती ती, आणि मी त्या दिवशी नुसता फोटो बघून तिला "एक थेंब कमी पडला" म्हणालो असतो तर तिने पुढच्या वेळी मुद्दाम एक थेंब जास्त टाकायला सुरुवात केली असती, ह्याचंच मला जास्त वाईट वाटलं असतं.

वेदांतचं उलट. त्याच्या फोटोत छान गुलाबीसर झाक होती, रीडिंग मात्र 10.0. द्रावण R 236, G 214, कागद R 238, G 215. दोन्हींचं प्रमाण जवळपास सारखंच, 0.907 आणि 0.903, भागाकार 1.00. म्हणजे द्रावणात रंगच नव्हता, गुलाबीपणा चिऱ्याच्या भिंतीचा होता, कागदावरही तेवढाच. विचारल्यावर तो म्हणाला, "सर, थेंब पडला तेव्हा गुलाबी झालं होतं ना." झालं असणारच, थेंब पडतो त्या जागी क्षणभर सोडा जास्त असतो म्हणून गुलाबी ढग उठतो, पण हलवल्यावर जातो. फ्लास्क अजून समोरच होता, तेव्हा त्यात ब्युरेटमधून थेंब थेंब टाकायला लावलं. सहाव्या थेंबाला रंग टिकला. सहा थेंब म्हणजे 0.3 मिली, 10.0 अधिक 0.3, परत 10.3.

ओंकारचा गडद फोटो: द्रावण R 224, G 166, कागद R 229, G 228, भागाकार 0.74. माझ्या तीन थेंब जास्त असलेल्या फ्लास्कपेक्षाही गडद. पण रीडिंग 10.3 आणि आधीचा फोटो 10.25 ला रंगहीन. फोटो एक म्हणतो आणि ब्युरेट दुसरंच, अशा वेळी एक खात्रीची परीक्षा आहे, आणि ती फ्लास्क टाकून द्यायच्या आधी करायची. त्या फ्लास्कमध्ये तेच 0.05 M ऑक्झॅलिक ॲसिड ड्रॉपरने एक एक थेंब टाकायचं. हे ॲसिड 0.1 नॉर्मल असतं, सोडाही 0.1 च्या जवळ, म्हणून साधारण एका थेंबाला एक थेंब असा हिशोब बसतो. ओंकारच्या फ्लास्कचा गडद गुलाबी रंग ॲसिडच्या एका थेंबात पूर्ण गेला. म्हणजे जास्तीचा सोडा एका थेंबापेक्षा कमी होता. मग कुठे त्याने सांगितलं की इंडिकेटरचा ड्रॉपर दाबताना जास्त पडलं, सहा तरी थेंब असतील.

ही परीक्षा करताना एक सांभाळा, ड्रॉपरचा थेंब ब्युरेटच्या थेंबाएवढाच असेल असं नाही. लहान मेजरिंग सिलिंडरमध्ये थेंब मोजून 1 मिलीला किती लागतात ते आधी बघून ठेवा. आणि रंग टिकल्यापासून दोन-तीन मिनिटांतच करा, नंतर हवेनेच काम केलेलं असतं.

प्रणालीचा फोटो ओंकारपेक्षा फिका होता, प्रमाण 0.78, पण जोडीतला आधीचा फोटो नव्हताच आणि रीडिंग 11.2. प्रमाण जवळजवळ माझ्या तिसऱ्या फ्लास्कइतकं, म्हणजे फोटो म्हणतो तीनेक थेंब जास्त. ब्युरेट म्हणते 0.9 मिली, म्हणजे अठरा थेंब. ॲसिड टाकून बघितलं तर सतरा थेंबांना रंग गेला. फोटोचं बरोबर होतं की खूप जास्त झालंय, किती हे मात्र तो सांगू शकला नाही, कारण इंडिकेटर कधीच भरून गेलं होतं. तिने ब्युरेटचा नॉब सोडून वहीत लिहायला घेतलं होतं आणि मधल्या काळात धार चालूच राहिली.

राहिला फरहान, ज्याचा फोटो सगळ्यांना सगळ्यात आवडला. प्रमाण 0.91, अगदी हवं तसं. रीडिंग 10.4. त्याने रीडिंग घेतलं, टेबल आवरलं, भांडी धुवायला गेला आणि परत येऊन फोटो काढला, मध्ये वीसेक मिनिटं गेली होती. फ्लास्क उघडा होता, खिडकीतून वारा येत होता. दोन थेंब जास्त पडले होते, रंग गडद झाला असणार आणि मग फिका होत होत नेमका छान दिसायच्या टप्प्यावर असताना फोटो निघाला. त्याच्या फ्लास्कवर ॲसिडची परीक्षा करून आता काही कळणार नव्हतं, म्हणून त्याला परत टायट्रेशन करायला लावलं, ह्या वेळी जोडीच्या फोटोंसह. 10.25 ला रंगहीन, 10.3 ला गुलाबी, 30 सेकंद टिकला.

तेव्हा आता मी फोटो हातात आला की रंग सगळ्यात शेवटी बघतो. आधी जोडी आहे का आणि त्यातल्या रीडिंगमध्ये किती फरक आहे, मग फोटो थेंबानंतर किती वेळाने काढलाय (फोनमध्ये वेळ असतेच, पोरांना शेवटचा थेंब कधी पडला ती वेळ वहीत लिहायला सांगा), मग इंडिकेटर किती थेंब, मग कागदाचे आणि द्रावणाचे आकडे. फोटो आणि ब्युरेट एकमेकांशी जुळले तर ठीक. नाही जुळले तर फ्लास्क अजून ओतून दिलेला नसेल ना हे पहिलं विचारायचं, कारण ॲसिडचा थेंब कुठल्याही फोटोपेक्षा खरं सांगतो.

ब्युरेटच्या रीडिंगवरही डोळे झाकून विश्वास नको. एकदा एका मुलीचं रीडिंग 0.2 ने कमी येत होतं आणि रंग अगदी बरोबर, जोडीही बरोबर. ब्युरेटवर फनेल तसाच राहिला होता आणि त्यातून मधूनमधून थेंब आत पडत होते, म्हणजे जेवढा सोडा फ्लास्कमध्ये जात होता त्यातला थोडा वरून भरला जात होता. ब्युरेटच्या टोकात हवेचा बुडबुडा असेल आणि तो मध्येच निघून गेला तर उलट होतं, रीडिंग जास्त दिसतं. म्हणून सुरुवातीचा एक फोटो, शून्यावर असलेल्या ब्युरेटचा, फनेल काढलेला आणि टोक भरलेलं दिसेल असा, मी आता मागून घेतो.

एक अजून, सोडा जुना असेल तर एंड पॉइंट लांबतो. महिनाभर ठेवलेल्या सोड्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड मुरून कार्बोनेट झालेलं असतं, त्यामुळे रंग एका थेंबात न येता येतो, जातो, परत येतो असं तीन-चार थेंब चालतं. अशा वेळी सगळ्या बॅचच्या जोड्या पसरट दिसतील, एकाच मुलाची नाही. पाचपैकी चार मुलांचा रंग 30 सेकंदांच्या आत उडत असेल तर पोरांना बोलू नका, नवीन सोडा करा, उकळून थंड केलेल्या पाण्यात.

पोटॅशियम परमँगनेटच्या टायट्रेशनला हीच पद्धत लावणार असाल तर तिथे काम थोडं सोपं आहे. तिथे गुलाबी रंग परमँगनेटचाच असतो, वेगळं इंडिकेटर नसतं, त्यामुळे प्रत्येक जास्तीच्या थेंबाला रंग गडद होत जातो आणि फोटोवरून किती जास्त झालं ह्याचा अंदाज बऱ्यापैकी बांधता येतो. तिथे ओंकारसारखी इंडिकेटरची भानगड होत नाही. पण पांढरा कागद, ठरलेली जागा आणि शेवटच्या थेंबाआधीचा फोटो, हे तिथेही लागतंच.